तहकूब सभा

माझी बहीण गेली त्या दिवशी सकाळी तिनं गावात महिला सभा घेतली होती. दुपारी चारच्या सुमारास ती घरात शिलाई मशीनपाशी बसली आणि तिथंच कलंडली. मी तेव्हा शहरात, कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. फोन आला तेव्हा माझ्या हातात परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता. तो मी आधी नीट रचून ठेवला आणि मग निघालो. हे मला अजून आठवतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

आमचं गाव पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यापासून आत आहे. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, शिवणकाम करू लागली आणि आमच्याच गावची मतदार झाली. सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं त्या वेळी वस्तीवरच्या बायकांनी तिला उभं केलं. मतदारांनी थेट निवडून दिलेली ती सरपंच. दहावी शिकलेली. निवडून आल्यावर पहिल्याच रविवारी ती माझ्याकडं आली. पदर सारखा करत म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकांत आमचं कुठं लिहिलंय, ते दाखव."

मी तिला संविधानाचा नववा भाग काढून दिला. छायाप्रत काढून, पंचिंग करून, दोऱ्यानं बांधून. पंचायती त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं संविधानात आल्या हे तिला सांगितलं. आपल्या राज्यात ही तीन पायऱ्यांची व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीपासून कायद्यानं होती, पण घटनेत आल्यावर तिला हात लावणं कुणाला सोपं राहिलं नाही, हेही सांगितलं. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतले सगळे, पाच वर्षांची मुदत, महिलांना निदान एक तृतीयांश जागा. आपल्याकडं त्या निम्म्या. ती खाली बसून ऐकत होती. शेवटी अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडं सोपवता येतील अशा एकोणतीस विषयांची यादी. तिनं बोट ठेवून एकेक वाचला.

"विसावा तुझा," ती म्हणाली. "ग्रंथालयं. आणि पंचविसावा माझा. महिला आणि बालविकास." मग थोडं थांबून, "सोपवता येतील म्हणजे? सोपवलेत का नाय?"

"राज्याच्या कायद्यानं सोपवायचे. काही सोपवलेत, काही कागदावर."

"म्हंजे विचारत राहायचं," ती म्हणाली आणि पंचविसाव्या विषयापुढं पेन्सिलीनं बारीक खूण केली.

पुढं तिला ते सगळं माझ्यापेक्षा जास्त कळू लागलं. माझं पुस्तकातलं होतं, तिचं हिंडून झालेलं. नवीन निवडून आलेल्या बायांना ती शिवणकामाच्या भाषेत समजावून सांगायची. माप गावात घ्यायचं, म्हणजे ग्रामपंचायतीनं काय हवं ते ठरवायचं, जागा दाखवायची, ठराव करायचा. पाणी, दिवे, गटारं, जन्ममृत्यूची नोंद, हे तर गावानं आपल्या हातानंच शिवायचं. बेतायचं तालुक्याला. पंचायत समितीत गटविकास अधिकारी असतो, तिथं गावोगावचे प्रस्ताव तपासले जातात, अभियंता अंदाजपत्रक करतो, अंगणवाड्यांचं बालविकास प्रकल्प कार्यालयही तिथंच. आणि कापड येतं जिल्ह्यातून. जिल्हा परिषदेच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, गावागावांमधले रस्ते, आणि अंगणवाडीच्या खोलीची मंजुरी. "तिघांत एकानं कात्री चुकवली की झबलं अंगाला बसत नाय," असं ती म्हणायची.

अंगणवाडीची खोली हे तिचं शेवटच्या वर्षातलं काम. ओढ्यापलीकडं आमच्या गावची एक वस्ती आहे. पावसाळ्यात ओढा ओलांडून लहान मुलं गावात येऊ शकत नाहीत, म्हणून तिथं वेगळी अंगणवाडी मंजूर झाली होती. पण खोली नव्हती. मुलं मारुतीच्या देवळाच्या ओसरीत बसायची. देवळात कार्यक्रम असला, की सेविका त्यांना स्वतःच्या घरी न्यायची. तिचं घर म्हणजे पत्र्याची दीड खोली. पोषण आहार चुलीशेजारी शिजायचा आणि वजनकाटा खाटेखाली असायचा. वस्तीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीच्या नावावरची जुन्या पाणीटाकीची मोकळी जागा होती. टाकी पाडून झाली होती, जागा नमुना आठच्या उताऱ्यावर ग्रामपंचायतीची म्हणून लागलेली होती. ती जागा खोलीसाठी द्यायची, असा ग्रामसभेचा ठराव हवा होता. बाकीची सगळी कागदं तिनं फाइलला लावून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत ठरावासह प्रस्ताव द्या, नंतर आलेला या वर्षीच्या यादीत घेतला जाणार नाही, असं पंचायत समितीचं पत्र होतं.

तिनं ग्रामसभा बरोबर त्या हिशेबानं लावली होती. सात दिवस आधी नोटीस, गावात दवंडी, आणि नियमाप्रमाणे आदल्या दिवशी महिला सभा. महिला सभा झाली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही तिला अग्नी दिला.

सगळं गाव आलं होतं. वस्तीवरचेही सगळे. स्मशानातून परत येताना लोक आपसूक ग्रामपंचायतीसमोर थांबले. फळ्यावर सभेची नोटीस होती, वेळ अकराची होती, आणि अकरा वाजत आले होते. आमच्याकडं ग्रामसभेला गणपूर्ती होणं मुश्कील. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात, आणि तेवढे येत नाहीत. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना सगळं गाव अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेब म्हणतं, ते एरवी पारावर जाऊन सह्या मागत हिंडायचे. त्या दिवशी लोक स्वतःहून रांगेत उभे राहून सह्या करत होते. हजेरीची पानं संपली. भाऊसाहेबांनी आतून दुसरी वही आणली.

ताईच्या जागी उपसरपंच अध्यक्ष झाले. ते ताईच्या वर्गातले, एका बाकावर शिकलेले. ते रडत होते. त्यांनी शोकप्रस्ताव मांडला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि मग ते म्हणाले, "आज काही विषय घ्यायची आपली कुणाची मनःस्थिती नाय. ताईंच्या सन्मानार्थ ही सभा तहकूब करतो."

सगळ्यांनी हात वर केले. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या अंगावरचे कपडे अजून ओले होते. तिच्या अख्ख्या मुदतीत गणपूर्तीनं भरलेली ही पहिली सभा, आणि ती तिच्या मानासाठी बंद झाली, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी काही बोललो नाही. माझं मत शहरातल्या यादीत आहे. मी त्या ग्रामसभेचा सदस्य नव्हतो आणि सदस्य नसलेल्यानं सभेत बोलायचं नसतं. हे कारण खरं आहे. पण त्या दिवशी मी सदस्य असतो तरी बोललो असतो, असं मला वाटत नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. रजा काढून गावीच होतो. लोक येऊन बसायचे, चहा व्हायचा, लोक जायचे. मी तिच्या मशीनच्या खणातली रिळं रंगांप्रमाणे लावली. मग तिनं तशी ती कधी लावली नसती असं वाटून परत सरमिसळ केली.

सहाव्या दिवशी वस्तीवरची सेविका आली. भिंतीशी टेकून बसली. मग पिशवीतून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही ताईनं माझ्याकडं ठेवाया दिल्ती. यातला एक कागद नाय अजून."

"ठराव."

"व्हय. मी उपसरपंचाकडं गेल्ते. ते म्हंले, तेराव्यानंतर सभा लावू." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पत्रातली शेवटची तारीख आन् ताईचा तेरावा एकाच दिवशी हाय, भाऊ. मी कॅलेंडरात दोनदा बघितलं."

मी फाइल उघडली. जागेचा उतारा, नकाशा, मुलांची यादी, अभियंत्याचा पाहणी अहवाल. सगळं क्रमानं, वरच्या कोपऱ्यात ताईच्या अक्षरात आकडे. सातव्या क्रमांकाला कोरा कागद लावलेला होता, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं : ग्रा. स. ठराव.

"पुढच्या वर्षी देता येईल," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. काहीही पुढच्या वर्षी झालं तरी चालेल असं वाटण्याचे ते दिवस होते.

"पुढल्या वर्षी त्या जागंवर यायामशाळा व्हईल," ती म्हणाली. "पोरांनी आत्ताच डंबेल्स आणून टाकलेत तिथं. आन् पुढल्या वर्षी सरपंच कोण, ते तरी कुणाला ठावं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठली, फाइल तिथंच ठेवली आणि गेली.

संध्याकाळच्या आत मी उपसरपंचांकडं गेलो. ते गोठ्यात होते. मला बघून हातातली पाटी खाली ठेवली.

"भाऊ, माझी अडचण समजून घ्या," ते म्हणाले. "तेराव्याच्या आत मी ताईच्या खुर्चीत बसून सभा घेतली, तर लोक काय म्हणतील? ती जायची वाटच बघत होता, असं म्हणतील. बोलायला काय लागतं?"

"खुर्चीत बसू नका. बाजूला बसा."

त्यांनी पाटी परत उचलली. "तुमच्या घरानं सांगितलं तर घेतो. मी माझ्या तोंडानं सांगणार नाय."

आमच्या घरात आता सांगणारे म्हणजे माझे चुलते. पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांना मी रात्रभर थांबून सकाळी विचारलं. ते दात घासत होते. चूळ भरली आणि माझ्यावर उसळले.

"सुतकात सभा? शहरात राहून तुला लाजलज्जा काय ऱ्हायली का नाय? तिची राख निवना अजून आन् तू ठराव घेऊन बसला."

"दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ म्हणतोय, काका. अकराव्या दिवशी."

"तरी बी सुतक."

"सुतक आपल्या घराला आहे. ग्रामपंचायतीला नाही."

हे मी कुणावर मात करायला म्हणालो नव्हतो. एखादा नियम वाचून दाखवावा तसं म्हणालो. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेले. दुपारी जेवताना, माझ्याकडं न बघता म्हणाले, "कर काय करायचं ते. मी त्या दिशेला फिरकणार नाय."

उपसरपंचांनी नोटीस काढली. तहकूब सभा, अकराव्या दिवशी, सकाळी दहाला.

खरी अडचण मला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळली. भाऊसाहेब घरी भेटायला आले होते. माणूस वाईट नव्हता. तीन गावांचा कारभार एकट्याच्या डोक्यावर. जाताना दारात थांबून म्हणाले, "सर, एक सांगतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तो भाग सोपा आहे. पण तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. मूळ विषयपत्रिकेत जे आहे तेवढंच. आणि ताईंच्या विषयपत्रिकेत अंगणवाडी हा शब्द नाही."

"नाही कसा?"

"ऐनवेळच्या विषयांत घ्यायचं ठरलं असेल. बरेच विषय तसेच येतात. पण ऐनवेळचा विषय आता घेतला आणि कुणी तक्रार केली, तर ठराव उडेल. व्यायामशाळेवाले तक्रार करणारच."

मी त्यांच्याकडून विषयपत्रिका मागून घेतली. पाच ओळी होत्या. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. आराखड्यातील कामांचा आढावा. महिला सभेच्या शिफारशींवर विचार करणे. पाणीपुरवठा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभेला जायच्या आधी मी परत त्या पाच ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. महिला सभेत अंगणवाडीची शिफारस झाली असेल, तर तो विषय नवा नव्हता. तो तिसऱ्या विषयाच्या पोटात होता. ताईनं मुद्दाम तसं केलं होतं का, ते मला माहीत नाही. कदाचित असेलही. बायकांनी आदल्या दिवशी म्हटलेलं दुसऱ्या दिवशी पुरुषांना विषय म्हणून घ्यावंच लागतं, हे तिला आवडायचं.

पण शिफारस झाली, एवढं पुरेसं नव्हतं. ती लिहिलेली हवी होती. आणि आमच्या ग्रामपंचायतीत काय चालतं ते मला ताईकडूनच माहीत होतं. सभा झाली की वहीत दोन-तीन पानं कोरी सोडायची, खाली अध्यक्षांची सही घेऊन ठेवायची आणि मजकूर भाऊसाहेबांनी सवडीनं, पुढच्या आठवड्यात, कधी महिन्यानं भरायचा. त्यात कुणाचा डाव नव्हता, ती सवय होती. तीन गावं सांभाळणाऱ्या माणसाची सवय. ताई स्वतः तशी सही करायची का, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं. यावेळी सवड मिळायच्या आधीच सही करणारी गेली होती. पान कोरं असेल तर ते आता कुणी भरू नये, असं मला वाटत होतं. आणि कोरं असेल तर सगळं संपत होतं.

मी सेविकेला वाटेत एवढंच सांगितलं : "तिसऱ्या विषयाला उभ्या राहा आणि महिला सभेचं इतिवृत्त वाचायला सांगा. दुसरं काही बोलू नका."

"तुमी नाय बोलणार?"

"मला बोलता येत नाही. माझं नाव यादीत नाही."

"एवढं शिकून," ती म्हणाली आणि पहिल्यांदा थोडं हसली.

सभेला तीस-पस्तीस लोक होते. त्यांतल्या निम्म्या वस्तीवरच्या बायका. ताईची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती आणि उपसरपंच शेजारी एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. मी बाहेर पायरीवर बसलो. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं.

पहिले दोन विषय झाले. तिसऱ्याला सेविका उठली. "महिला सभंत काय ठरलं ते वाचून दाखवा, भाऊसाहेब."

मागून व्यायामशाळेवाल्यांतला एकजण म्हणाला, "अंगणवाडीचा विषय काढायचाय तुम्हाला. तो पत्रिकेत नाय. तहकूब सभेत नवा विषय चालत नाय. आम्हाला बी कायदा कळतो."

"मी अंगणवाडी म्हंले का?" सेविका म्हणाली. "महिला सभा म्हंले. तिसरा विषय. वाच की, फळ्यावर लिहिलाय. डोळ्याला बी यायाम लागतो बाबा."

बायका हसल्या. तोही हसला.

भाऊसाहेबांनी टेबलाखालून वही काढली. त्यांनी पानं उलटायला जो वेळ घेतला तो फार नसेल. मी पायरीवरची एक भेग बघत होतो. तिच्यात मुंग्यांची रांग होती.

"हं," भाऊसाहेब म्हणाले. मग वेगळ्या आवाजात, "हे लिहिलेलं आहे."

त्यांनी वाचलं. वस्तीवरील अंगणवाडीच्या इमारतीसाठी जुन्या पाणीटाकीची ग्रामपंचायत मालकीची जागा देण्यात यावी, अशी महिला सभा सर्वानुमते ग्रामसभेस शिफारस करीत आहे. सूचक, अनुमोदक. खाली अध्यक्षांची सही.

"त्या दिवशी त्यांनी मला उठूच दिलं नाही," भाऊसाहेब वही खाली न ठेवता म्हणाले. ते कुणाशीच बोलत नव्हते. "म्हणाल्या, लिहा, मी बसते. मी म्हणालो, उद्या लिहितो ताई, ग्रामसभेची तयारी आहे. म्हणाल्या, कोऱ्या कागदावर सही करताना मला चार वर्षांत एकदा तरी बघितलंत का? माझ्याकडं बघत बसल्या. मी लिहिलं. मग सही केली आणि गेल्या."

 उपसरपंचांनी नाक शिंकरलं.

व्यायामशाळेवाला म्हणाला, "मग व्यायामशाळा कुठं करायची?"

"तुझं पोरगं आधी अंगणवाडीत तर बसव," उपसरपंच म्हणाले. "पुढल्या सभेत आण तुझा विषय. पत्रिकेत लिहून आण." मग सरळ होऊन, "शिफारशीप्रमाणे जागा देण्याचा ठराव. सूचक कोण?"

सेविकेच्या शेजारच्या बाईनं नाव सांगितलं.

"अनुमोदक?"

"माझं लिहा," मागून आवाज आला. माझे चुलते पायरीखाली माझ्या मागंच उभे होते. कधी आले ते मला कळलं नव्हतं. ते आत गेले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "माझं नाव हाय ना यादीत? मग लिहा."

ठराव मंजूर झाला. भाऊसाहेबांनी तो तिथंच लिहिला. लिहून होईपर्यंत उपसरपंचांनी कुणाला उठू दिलं नाही.

सभा संपल्यावर मी आत जाऊन वही बघायला मागितली. ताईची सही नेहमीसारखीच होती. शेवटच्या अक्षराची रेघ लांब ओढलेली, जशी ती बटणाला शेवटचा टाका मारून दोरा ओढायची. शाई निळी. पुढचं पान कोरं होतं, त्यावर सही नव्हती. मला वाटलं होतं की इथं तरी मला काही होईल. काही झालं नाही. मी वही मिटून परत दिली आणि भाऊसाहेबांनी ठरावाच्या नकलेवर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांबरोबर मीही शहरात गेलो. पंचायत समितीत बालविकास प्रकल्पाच्या टेबलावर फाइल तपासली गेली. तिथल्या बाईंनी सातव्या क्रमांकावरचा पेन्सिलीचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि तिथं ठराव लावला. "एवढा नीट प्रस्ताव येत नाही कुठल्या गावाकडून," त्या म्हणाल्या. "सरपंच कुठंयत?" भाऊसाहेबांनी सांगितलं. बाई उभ्या राहिल्या, मग काय करावं न कळून परत बसल्या. गटविकास अधिकाऱ्यांच्या सहीनं फाइल त्याच दिवशी पुढं गेली. ते तेव्हा पंचायत समितीचे प्रशासकही होते. मुदत संपून निवडणुका झाल्या नव्हत्या, त्यामुळं तालुक्यात आणि जिल्ह्यात निवडून आलेलं कुणीच नव्हतं. पाच वर्षांच्या आत निवडणूक व्हायला हवी, असं त्या नवव्या भागात स्पष्ट लिहिलेलं आहे. ताईनं तिथंही पेन्सिलीनं खूण केली होती, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

शेवटच्या तारखेला गावी तिचा तेरावा होता. त्या सकाळी मी आधी जिल्हा परिषदेत गेलो. महिला व बालकल्याण विभागाच्या मजल्यावर सभापतींच्या दालनाला कुलूप होतं, पाटीवर धूळ होती. शेजारच्या आवक टेबलावर मी विचारलं. कारकुनानं नोंदवही फिरवून माझ्याकडं केली. आमच्या गावाचं नाव होतं, पुढं आवक क्रमांक. मी तो तिच्या पेन्सिलीच्या कागदाच्या मागं लिहून घेतला आणि बसनं गावाला गेलो. पंगत बसायच्या आधी पोचलो.

मंजुरी त्यानंतर काही महिन्यांनी आली. त्याआधी राज्य निवडणूक आयोगानं सरपंचपदाची पोटनिवडणूक घेतली. वस्तीवरच्याच एक बाई निवडून आल्या. त्यांनी मला एका रविवारी ग्रंथालयाचा पत्ता विचारायला फोन केला. ताईला दिलेले कागद त्यांना हवे होते. मी नववा भाग पुन्हा काढला, पंचिंग केलं, दोऱ्यानं बांधला. ताईची प्रत द्यावी असं आधी मनात आलं होतं. दिली नाही.

वस्तीवर आखणी झाली त्या दिवशी मी गेलो होतो. भूमिपूजन आदल्या आठवड्यातच उरकलं होतं, त्याला मी गेलो नव्हतो. जुन्या टाकीच्या जागेवर फक्कीनं पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. खोली, एक छोटं स्वयंपाकघर, पुढं ओसरी. सेविका मुलांना घेऊन आली होती आणि मुलांना सांगत होती, की रेघेवर पाय द्यायचा नाही, ही भिंत आहे. मुलं ऐकत नव्हती. आखणी करणारा माणूस वैतागून पुन्हा फक्की टाकत होता.

"भाऊ, आत या," सेविका म्हणाली. "असे भिंतीतून नका येऊ. दार हिकडून हाय."

मी वळसा घालून तिनं दाखवलेल्या ठिकाणी गेलो. दोन रेघांमध्ये दोन हात रिकामी जागा सोडलेली होती. मी चपला बाहेर काढल्या आणि आत गेलो.